ब्रेकची खात्री

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लातूरकडे खत-बियाण्यांचं दुकान चालवतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर ते सहसा देवाचे फोटो टाकतात. त्या दिवशी सकाळी त्यांनी पेपरातल्या एका चित्राचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "जावईबापूंच्या कंपनीची पेपरात वाहवा. सर्वांनी बघावे." पुढे टाळ्यांचे पाच हात.

जावईबापू अजून व्हायचे होते. भाचीचा साखरपुडा येत्या रविवारी होता. मुलगा भोसरीत खोली करून राहतो आणि चाकणला गाड्यांच्या कंपनीत जातो. मध्यस्थानं "मुलगा कंपनीत आहे" असं सांगितलं आणि दाजी तेवढ्यावर खूश झाले. कंपनीत असणं वेगळं आणि कंपनीत कायम असणं वेगळं, हे आमच्या भोसरी-चाकणकडे रिक्षावाल्यालाही माहीत असतं. लातूरला बसून कसं कळणार? बैठकीला मी गेलो नव्हतो. गुडघ्याचं निमित्त केलं होतं, खरं तर कंटाळा.

मी दिघीतल्या माझ्या खुर्चीत बसून फोटो मोठा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. अहो, ते व्यंगचित्र होतं! कंपनीच्या दारात एक चकचकीत गाडी, तिच्याशेजारी टाय लावलेला साहेब, समोर परदेशी पाहुणे. साहेब छाती फुगवून म्हणतोय, "आमच्या ब्रेकची खात्री बघा!" पुढची ओळ दिसत नव्हती. ज्यानं पेपर धरून फोटो काढला होता, त्याचा अंगठा तिच्यावर आला होता.

हाच पेपर माझ्याकडेही येतो. रद्दीतून शोधून काढला. अंगठ्याखालची ओळ अशी होती: "दर सात महिन्यांनी हमखास लागतात!"

मी हसलो. चांगलाच हसलो. मग दाजींचे ते पाच हात आठवले आणि हसू जिरलं.

फोन लावला. "दाजी, तो फोटो ग्रुपवरनं काढा आधी."

"का वो पाव्हणं? जावईबापूंनी सोता पाठवलाय. 'काका, हे नीट बघा, मग बोलू' म्हनले."

"मग तुम्ही काय बोललात?"

"मी अभिनंदन म्हनलं की! गेल्या आठवड्यात बी म्हनले होते, पुढच्या महिन्यात ब्रेक हाय म्हणून. आपल्या पोराला ब्रेक मिळतोय म्हणल्यावर दुकानात पेढे वाटले मी."

पेढे! आता या माणसाला काय सांगावं? दाजींना ब्रेक माहीत होता तो टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतला. तिथं पोराला ब्रेक मिळतो आणि आईबाप रडतात. आमच्याकडेही रडतात, कारण मात्र निराळं.

विनोद समजावून सांगायचा म्हणजे त्याचा जीव घ्यायचा, पण इलाज नव्हता. मी अंगठ्याखालची ओळ वाचून दाखवली.

"गाडीचा ब्रेक सात महिन्याला कशाला लागंल?" दाजी म्हणाले.

"गाडीचा नाही. चित्रात गाडीच्या मागं बघा. गेटमधून माणसं बाहेर पडताहेत, दिसली?"

"दिसली. डबे हायेत हातात. सुट्टी झालेली दिसतीय."

"शिफ्ट सुटलेली नाही. त्यांना ब्रेक दिलाय. दाजी, कायद्यात दोनशे चाळीस दिवसांची एक गोष्ट आहे. वर्षात सलग तेवढे दिवस भरले की माणूस हक्कानं म्हणू शकतो, मला कायम करा. म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. सात महिने झाले की पत्र द्यायचं, तुमची मुदत संपली. काही दिवस घरी बसवायचं. गरज असली तर पुन्हा बोलवायचं, नवं पत्र, नवा टोकन नंबर, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. या घरी बसवण्याला आमच्याकडे ब्रेक म्हणतात. साहेब दाखवतोय गाडीचा ब्रेक, आणि मागं लागतोय माणसाचा. मराठीत दोन्ही सारखेच लिहितात, म्हणून विनोद."

"ह्यात हसायचं काय हाय?"

"ज्याला लागतो तो हसत नाही. बाकीचे हसतात."

मागं दुकानात कुणी तरी युरियाची गोणी मागत होतं, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही.

"म्हणजे पोरगं कायम न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"आन् पुढच्या महिन्यात घरी बसणार."

"हो."

"फसवलं म्हणा की आमाला!"

मला राग आला. का आला ते तेव्हा कळलं नाही. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "दाजी, फसवायचं असतं तर तो गप्प बसला असता. एकदा तोंडानं सांगितलं, तुम्ही पेढे वाटले. दुसऱ्यांदा चित्र पाठवलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्यानं आता काय दवंडी पिटायची?"

दाजी आता फोटो मोठा करून बघत असावेत, कारण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गेटापाशी टेबल हाय, तिथं चष्मेवाला बसलाय, तो कोन? पत्रं वाटतोय, पन मान खाली."

ते मी पाहिलं होतं. गाडी, साहेब, पाहुणे, माणसं, सगळं समजावलं आणि तेवढं एक सोडून दिलं होतं.

"टाइम ऑफिसचा, हजेरी ठेवणारा कारकून," मी म्हणालो.

"तुमी व्हता की टाइम ऑफिसात."

"होतो. निवृत्त होईपर्यंत."

"मग ही पत्रं..."

"मीच द्यायचो, दाजी."

लपवण्यासारखं काय होतं त्यात? काम होतं ते. यादी वरून यायची. मी नाव वाचायचो, गेट पास, हेल्मेट आणि बूट जमा करून घ्यायचो, सहीच्या जागी बोट ठेवायचो. कुणी विचारायचं, साहेब, परत बोलवाल ना? मी म्हणायचो, कळवू. मान वर केली की बोलावं लागतं, आणि रांग मोठी असायची. तो मुलगाही मी होतो त्याच कंपनीत जातो. त्याला मी कधी पत्र दिलं का, हे मला सांगता येणार नाही. मला बोटं आठवतात, चेहरे नाही. फोटोतला तो अंगठाही मी उगाच निरखून पाहिला. नखात काळं होतं, बाकी काही ओळखू येईना.

"एक विचारू का?" दाजी म्हणाले. "त्या पोराच्या जागी तुमी असता, तर साखरपुड्याच्या आधी हे सांगितलं असतं?"

मी विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलवेना.

"नसतं सांगितलं."

"हं." मग ते दुकानातल्या माणसावर ओरडले, थांब की बाबा, देतो. आणि मला म्हणाले, "रविवारी साखरपुडा हाय. गुडघा बिडघा काय सांगू नका, या. त्या पोराच्या समोर तुमाला बसवतो. आन् मान वर करून बघा त्याच्याकडं."

फोन ठेवला त्यांनी. ग्रुपवर पाहिलं तर फोटो तिथंच होता. फक्त टाळ्यांच्या खाली दाजींनी एक ओळ वाढवली होती: "अंगठ्याखाली काय लिहिलंय ते रविवारी समक्ष सांगण्यात येईल."