कुठेच न सापडलेलं पान

सुषमा बोरसेला आमच्या ग्रंथालयात कुणी हसताना फारसं पाहिलं नाही. मी बळीराम. शेजारच्या काउंटरवर अकरा वर्षं पुस्तकं देतो-घेतो, म्हणून सांगतो. नाकावर राग, चष्मा कपाळावर आणि तोंडात एकच वाक्य, "आधी वाच, मग बोल." पोरं मागून तिला हेडमास्तरीण म्हणतात. म्हणू देत. या बाईचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

ती मूळची खानदेशातली, शिरपूरकडची. वडील सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते, कापडाचे ताके मोजून घड्या घालायचे. सुषमा भेस्तानच्या एका खोलीत वाढली आणि शिकवण्या घेत घेत ग्रंथालयशास्त्र शिकली. आज विद्यापीठात कुणाचाही प्रबंध दाखल व्हायचा तर तो आधी तिच्या टेबलावर येतो. त्यातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो हे सॉफ्टवेअर तपासतं. पण सॉफ्टवेअर फक्त जुळणी दाखवतं. चोरी आहे की नाही, हे माणसाला ठरवावं लागतं. हे वाक्य मी तिच्याकडून शंभरदा ऐकलंय.

गेल्या मार्चमध्ये हर्षदा पाटील रडत आली. समाजशास्त्राची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, विषय कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमधले खानदेशी कामगार. तिचे वडील दगाभाऊ स्वतः पांडेसऱ्यात स्टेंटरवर आहेत. स्टेंटर म्हणजे ओलं कापड दोन्ही काठांनी पिनांवर ताणून भट्टीतून काढणारं लांबलचक यंत्र. पोरीच्या रिपोर्टवर आकडा होता चौतीस टक्के. नियम दहापर्यंतचा. प्रबंध दाखल करायला बारा दिवस उरले होते आणि गाइड सर म्हणाले होते, "बेटा, ये तो कॉपी है. मेरी भी नाक कटेगी."

"ताई, मी चोरटी नई शे," हर्षदा म्हणाली. एरवी ती आमच्याशी हिंदी नाहीतर गुजराती बोलायची. रडताना घरची बोली बाहेर आली.

"ते मी रिपोर्ट वाचून सांगेन," सुषमा म्हणाली. "खुर्ची ओढ. आकडा बघू नकोस, रंग बघ."

पडद्यावर प्रबंधाची पानं लाल-निळ्या-हिरव्या पट्ट्यांनी भरली होती. जिथून मजकूर जुळला त्या प्रत्येक ठिकाणाला एक रंग आणि एक नंबर. सुषमानं आधी शेवटची संदर्भसूची वगळली. "पुस्तकाचं नाव सगळे सारखंच लिहिणार. त्यात चोरी कसली?" आकडा सत्तावीसवर आला. मग अवतरणचिन्हांतला मजकूर वगळला. बावीस. मग चौदा शब्दांपर्यंतच्या लहान जुळण्या. 'या अभ्यासाचा मुख्य उद्देश असा आहे की' छापाची वाक्यं, जी दर दुसऱ्या प्रबंधात असतातच. सतरा.

हर्षदाचा चेहरा खुलला. "म्हणजे सुटले?"

"वरणाला आधण आलं, की लगेच पानं मांडायची? थांब."

पुढे कारखाना कायद्याच्या कलमांचे चार लांब उतारे निघाले. हर्षदानं ते समासात आत ढकलून, खाली संदर्भ देऊन लिहिले होते, पण अवतरणचिन्हं नव्हती. "हे तुझं नाही हे तू सांगितलंयस. मशीनला कळलं नाही, वाचणाऱ्याला कळतंय. कायद्याचे शब्द बदलायचेही नसतात. चिन्हं घाल, विषय संपला." त्यांचे तीन टक्के. इकडचे तिकडचे किरकोळ तीन. उरले अकरा, सगळे एकाच रंगाचे. तिसऱ्या प्रकरणातली, स्टेंटरवरच्या कामाची सलग सात पानं लालभडक.

सुषमानं त्या रंगावर क्लिक केलं. शेजारी मूळ मजकूर उघडला. सहा वर्षांपूर्वीच्या एका सिनियरचा प्रबंध. ओळीला ओळ.

"ही उचलेगिरी आहे, हर्षदा," सुषमा शांतपणे म्हणाली. तिचा हा शांतपणा रागापेक्षा वाईट, हे मला ठाऊक होतं.

"प्रकरणाच्या शेवटी त्यांचं नाव दिलंय ताई. आणि मिलचं काम सगळीकडे सारखंच असतं ना?"

"काम सारखं असेल. वाक्यं त्याची आहेत. शेवटी एकदा नाव टाकलं म्हणून सात पानं तुझी होत नाहीत."

"मग शब्द बदलते. रात्रीतून करते."

"साडी तीच ठेवून काठ बदलणार? सांगाडा त्याचाच राहणार. मशीन गप्प बसेल, पण मी बसणार नाही." सुषमानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "मला एक सांग. बाप स्टेंटरवर उभा असताना तू स्टेंटर दुसऱ्याच्या प्रबंधातून का लिहिलास?"

पोरगी खालमानेनं म्हणाली, "आप्पांनी सगळं सांगितलं होतं. दोन वह्या भरल्यात. पण आप्पा चौथी शिकलेले. त्यांचं बोलणं संदर्भ म्हणून कसं देऊ? छापलेलं पाहिजे ना काहीतरी."

मी रजिस्टरमधून मान वर केली. सुषमाचे डोळे भरले होते. मला वाटतं तिला तिच्या बापाच्या घड्या आठवल्या. पण बाई पुढच्या क्षणी खेकसलीच. "मुलाखत हा संदर्भ असतो. नाव, ठिकाण, तारीख लिहायची, त्यांची परवानगी घ्यायची. पीएच.डी. करतेस आणि हे माहीत नाही? ऊठ, वह्या घेऊन ये!"

नऊ दिवस हर्षदा आमच्या वाचनकक्षात बसली. ती सात पानं काढून टाकली आणि वह्यांवरून नवी लिहिली. सिनियरचं एक वाक्य खरंच लागत होतं, ते चिन्हांत, नावासकट ठेवलं. तिच्यापुढून जाताना मी एकदा पान वाचलं. दगाभाऊंनी सांगितलं होतं, की भट्टीतून निघालेलं कापड नीट तापलंय का हे ते हाताच्या मागच्या बाजूनं बघतात. तळव्यानं नाही. वीस वर्षांत तळवे इतके राठ झालेत, की त्यांना ऊन-थंड कळत नाही. मी ते दोनदा वाचलं. हे कुठल्या पुस्तकात मिळणार होतं?

दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी दगाभाऊ सुट्टी टाकून लेकीबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, दारात चपला काढायला लागले तेव्हा मीच थांबवलं. आकडा आला चार टक्के. गाइड सरांना फोन गेला. सर म्हणाले, "सोमवार को जमा कर दे, बेटा." हर्षदा सुषमाच्या पाया पडायला वाकली, तर सुषमानं तिला दंडाला धरून उभं केलं आणि पडदा दगाभाऊंकडे वळवला.

"भाऊ, हे तुमचं पान."

आधीच्या पानावर एकदोन रंगीत पट्ट्या होत्या, हे पान मात्र स्वच्छ पांढरं होतं. एकही रंग नाही.

"आठे रंग काहीच नई," दगाभाऊ घाबरून म्हणाले.

"मशीननं लाखो पुस्तकं, प्रबंध धुंडाळले भाऊ. तुमचं बोलणं कुठेच सापडलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. लेकीकडे बघत हळूच म्हणाले, "सापडनं नई? मंग मी सांगं ते खोटं व्हयनं का?"

तेव्हा सुषमा हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिला असं तोंडभर हसताना पाहिलं. मग ती त्यांच्याच बोलीत बोलली, जी तिनं या टेबलावर कधी वापरली नव्हती.

"नई भाऊ. तुमना पह्यले हाई कोणी लिखेलच नव्हतं."

तिनं संदर्भसूची उघडली. मोठमोठ्या अभ्यासकांच्या नावांमध्ये एक ओळ होती. पाटील, दगा उखा. प्रत्यक्ष मुलाखत, पांडेसरा, सुरत. हर्षदानं ती वाचून दाखवली. दगाभाऊंनी पुन्हा वाचायला लावली. मग हात पुढे केला आणि हाताची मागची बाजू अलगद पडद्यावरच्या त्या नावाला लावली.