रिकाम्या फायली

उरला औद्योगिक वसाहतीतल्या बेअरिंगच्या दुकानात भावना मेश्रामला सगळे ‘कॉम्प्युटरवाली दीदी’ म्हणत. पंखा फिरला नाही तरी तिलाच हाक. तिनेही कधी नाही म्हटलं नाही. वडील गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललेलं, आणि आई अंजनाबाईंच्या मते नोकरी आणि चुलीवरचं दूध, दोन्हीवर लक्ष ठेवावं लागतं.

कोणत्या रोलिंग मिलच्या कोणत्या यंत्राला कोणतं बेअरिंग लागतं, याची आठ वर्षांची नोंद काउंटरखालच्या एका कॉम्प्युटरमध्ये होती. दुकानाचं खरं भांडवल तेच. मॅनेजर दिवाकरजी त्या डब्यावरची लोखंडी धूळ रोज सकाळी स्वतः पुसत आणि त्याला जपतो आहोत असं समजत. ही नोंद इथून हलवून, डेटाबेस सांभाळणाऱ्या एखाद्या कंपनीकडे भाड्याने ठेवावी, असं भावना वर्षभर म्हणत होती. शेवटी दिवाकरजी म्हणाले, “लिहून दे. दुपारी शेठजी येऊन राहिले.”

ती लिहायला बसली. आज खर्च जवळजवळ शून्य. तिकडे महिन्याला बेचाळीसशे. त्यात रोजची बॅकअप, चूक झाली तर गेल्या सात दिवसांतल्या हव्या त्या वेळेवर परत जाण्याची सोय, सॉफ्टवेअरची दुरुस्ती. तोटाही तिने लपवला नाही: इंटरनेट गेलं की बिलं थांबतील, म्हणून दुसरी लाइन घ्यावी लागेल. मग तिने लिहिलं, ‘सध्या रोज रात्री आठला बॅकअप होते. मशीन बिघडल्यास दुकान सुरू व्हायला लागणारा वेळ...’

किती? आकडा हवेतून कसा काढायचा? म्हणून तिने आठ वर्षांत पहिल्यांदा कालची बॅकअप आपल्या लॅपटॉपवर उघडून पाहिली.

आत काहीच नव्हतं. फाइलचा आकार शून्य. परवाची शून्य. त्याच्या आदल्या दिवशीची शून्य. रोज नवी तारीख लावून एक रिकामी फाइल शहाण्या मुलीसारखी हजर. ती मागे मागे जात दसऱ्यापर्यंत पोचली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुने मुनीमजी नोकरी सोडून गेले होते, म्हणून तिने डेटाबेसचा पासवर्ड बदलला. आईला घेऊन दीक्षाभूमीला जायचं होतं, नागपूरची गाडी चुकेल या घाईत ती बॅकअपच्या प्रोग्राममध्ये नवा पासवर्ड टाकायला विसरली. प्रोग्राम रोज दारावरून परत येत होता आणि रिकामी फाइल तेवढी ठेवून जात होता. पाच महिने! या पाच महिन्यांत तो डबा एकदा जरी बंद पडला असता तर?

तिने आधी काउंटरखाली पाहिलं. दिवा हिरवा होता. मग तिने प्रोग्राम नीट केला, ताजी बॅकअप घेतली, लॅपटॉपवर पूर्ण उघडली, नोंदी मोजून ताळा केला. पंचेचाळीस मिनिटं लागली. आकडा मिळाला होता, आणि आता कुणाला काही कळण्याचं कारण उरलं नव्हतं.

भीती मात्र तशीच होती. सांगितलं तर नोकरी जाणार. न सांगितलं तर बेचाळीसशे कशासाठी, याला कागदावर उत्तरच नाही. तिने ‘रोज रात्री आठला बॅकअप होते’ ही ओळ खोडली आणि लिहिलं, ‘दसऱ्यापासून कालपर्यंत आपल्याकडे एकही चालणारी बॅकअप नव्हती. चूक माझी.’ खाली आणखी लिहिलं, ‘कंपनीकडे दिलं तरी दर महिन्याच्या एक तारखेला बॅकअप उघडून पाहावी लागेल. ती पाहायला माणूस लागेलच.’

दिवाकरजींनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

“आता?”

“आज घेतली. उघडून पाहिली. पूर्ण आहे.”

“मंग काहून लिहिलं हे? ही ओळ काढ पोरी. शेठजी तुले काढतील.”

“ती काढली तर शेठजीले पैसे कायच्यासाठी मागून राहिलो आपण, दिवाकरजी? मले भेव वाटून राहिलं. पण त्या डब्याचं जास्त वाटते.”

बाहेर शेठजींची गाडी थांबली. दिवाकरजींनी सवयीने फडकं उचललं, त्या डब्याकडे पाहिलं आणि ते खाली ठेवून दिलं. मग खिशातून पेन काढून तिच्या ओळीखाली आपल्या बाकदार अक्षरात लिहिलं, ‘आठ वर्षांत बॅकअप उघडते का, हे मीही कधी विचारलं नाही.’ खाली सही केली.

“चाल,” ते म्हणाले. कागद त्यांनी स्वतःच्याच हातात धरला होता.