तोंडाची कोरी जागा

लहानू पेंटरचा हात चालू लागला की इतवारीतल्या दुकानदारांनी गप्प बसावं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "अक्षर जरा मोठं कर गा," असं कोणी म्हटलंच, तर तो ब्रश त्याच्याच हातात द्यायचा. "घे बाप्पा, तूच लिही." असा तिरसट माणूस! पण वर्षातून एका चित्रासाठी तो महिनाभर आधीपासून गालातल्या गालात हसत असे, आणि ते चित्र असे विश्वनाथच्या वाढदिवसाचं.

विश्वनाथ त्याचा लंगोटीयार. गांधीबागेत कापडाच्या दुकानात तो लुगडी दाखवायचा. गादीवर मांडी घालून एकेक घडी असा काही उलगडायचा आणि तोंडाचा असा काही पट्टा सोडायचा, की रुमाल घ्यायला आलेली बाई नऊवारी घेऊन जायची. "या बाई, हात लावून पाहा! रंग गेला तर पैसे वापस, नवरा रागावला तर मले सांगा!" त्याचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे ऐन मारबतीच्या मिरवणुकीचा. त्याच्या मायनं तारीख लक्षात ठेवली नाही, मारबत ठेवली. म्हणून दरवर्षी त्या सकाळी गोविंदाच्या पानठेल्यावर लहानूनं रंगवलेला विश्वनाथ लटकायचा. एका वर्षी तो विमानातून लुगडी फेकत होता, एका वर्षी उंटाला पातळ नेसवत होता. खाली ठळक अक्षरात वाढदिवसाच्या शुभेच्छा. विश्वनाथ यायचा, चित्र पाहून लहानूला दोन अस्सल शिव्या द्यायचा आणि सगळ्यांना चहा पाजायचा. चित्र काढायची परवानगी कधी कोणी मागितली नाही. कायले मागायची? दोस्तच तो.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र विश्वनाथच्या तोंडावरून वारं गेलं. अर्धा चेहरा लुळा पडला, ओठ एका बाजूला ओढला गेला, डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, पण वेळ लागेल. शेठजींनी जागा राखून ठेवली होती, पण हा पठ्ठ्या घराबाहेरच पडेना. लहानू भेटायला गेला तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ज्याची अख्खी कमाई तोंडावर, त्यानं ते तोंड दुपट्ट्यात बांधून ठेवलं होतं. लहानूला घरी येऊन जेवण गेलं नाही.

पोळा जवळ आला तसा गोविंदानं विषय काढला. "यंदा काय काढून राहिला, पेंटर? काढ मस्त. पाहून येईल तो धावत."

"त्याले विचारल्याबिगर नाही काढत."

"दोस्ताले का कोणी विचारते?"

"त्याचं तोंड हाय ते, तुह्या पानठेल्याची पाटी नोय!" लहानू असा खेकसला की गोविंदाच्या हातचा चुना सांडला.

कारण नुसतं आजारपणाचं नव्हतं. मारबतीच्या दिवशी गोविंदाच्या ठेल्यासमोरच्याच रस्त्यानं बडगे निघतात. वर्षभराची इडापिडा म्हणून वेडीवाकडी तोंडं केलेले पुतळे लोक वाजतगाजत नेतात आणि गावाबाहेर जाळतात. त्या दिवशी, त्या रस्त्यावर, वाकड्या तोंडाच्या माणसाचं हसवणारं चित्र! विश्वनाथच्या मनात आलं की आपला बडग्या केला, तर चाळीस वर्षांची दोस्ती मातीत गेली असती. बरं, तोंड सरळ काढावं, तर 'तुझं आताचं तोंड दाखवण्यासारखं नाही' असंच सांगितल्यासारखं झालं असतं. आणि काहीच काढलं नाही, तर तो मेल्यातच जमा धरला की!

शेवटी लहानूनं चिठ्ठी लिहायला घेतली. दुकानांच्या पाट्या झरझर लिहिणारा माणूस, पण चार ओळींना घाम फुटला. पोस्टकार्ड त्यानं आणलंच नाही, ते पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात. स्वतः जाऊनही विचारायचं नव्हतं. समोर उभ्या दोस्ताला 'नाही' म्हणणं जड जातं, हे त्याला कळत होतं.

"विश्वनाथ," त्यानं लिहिलं, "आजवर तुले न विचारता तुहं तोंड काढत आलो. यंदा विचारतो. तान्ह्या पोळ्याले पोरं ओढतात तशा लाकडी बैलावर तू बसला हायेस, डोक्याले फेटा, मागं लुगड्याचं शेपूट, असं मनात हाय. गोविंदाच्या ठेल्यापाशी सकाळी लावीन, मारबत गेली की काढीन आणि तुह्याच घरी आणून देईन. तोंड कसं काढायचं ते तू सांग. काढूच नको म्हणशील तर नाही काढत, आणि तू नको म्हटलं हे कोणाले कळणार नाही. बोर्ड पाण्यात भिजला म्हणून सांगीन. उत्तर नाही आलं तर नाही समजीन. दोस्ती होती तशीच हाय. लहानू."

सोबत कोळशानं काढलेला कच्चा नमुना ठेवला. बैल होता, फेटा होता, शेपूट होतं. तोंडाच्या जागी नुसता कोरा गोल. हुकूम आल्याशिवाय तिथं रेघ ओढायची नाही, म्हणजे नाही. पाकीट चिकटवून त्यानं ते विश्वनाथच्या बायकोच्या, कुसुमताईंच्या हाती दिलं. "वहिनी, त्याले एकट्याले वाचू द्या. अन् उत्तराचा तगादा लावू नका."

कुसुमताई म्हणाल्या, "बरं, भाऊजी."

मग काय, उत्तरच येईना. लहानूनं बोर्डावर बैल रंगवून ठेवला, फेटा रंगवला, आणि रोज त्या कोऱ्या गोलापुढे विड्या ओढत बसू लागला. गोविंदा म्हणे, "अबे, जुन्या फोटोवरून काढून टाक ना!" लहानू दुसरी विडी पेटवी. पोळ्याच्या दुपारपर्यंत वाट पाहिली. मग उसासा टाकून त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. शब्द दिला होता, बोर्ड पुसायलाच हवा होता. जीव तुटत होता, पण ब्रश बुडवला.

तेवढ्यात कुसुमताई पुरणपोळीचा डबा घेऊन आल्या. डब्याखाली तोच नमुना होता. तोंडाचा कोरा गोल कात्रीनं कापून काढलेला, कापडवाल्याच्या हातानं, एक धागा इकडे नाही की तिकडे नाही. पाठीमागे एकच ओळ. "तोंड तू नको काढू. मी आणतो."

लहानूनं ती ओळ वाचली आणि पांढऱ्या रंगाच्या डब्याला झाकण लावलं. "वहिनी, हा येते म्हणते वं!"

"आज सकाळी दाढी केली त्यायनं," कुसुमताई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

लहानूनं बारीक करवतीनं बोर्डात गोल कापला, कडा पॉलिश कागदानं घासघासून गुळगुळीत केल्या. न जाणो, त्याच्या गालाला लागेल. सकाळी तो बोर्ड टांगला नाही, ठेल्याशेजारी बांबू रोवून उभा बांधला. लोक विचारू लागले, "पेंटर, तोंड विसरला का गा?" लहानू बांबूची दोरी आवळत राहिला. लांबून मारबतीचे ढोल ऐकू यायला लागले, गर्दी वाढली, आणि दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस खाली मान घालून बोर्डामागे गेला.

मग त्या भोकातून विश्वनाथचं तोंड बाहेर आलं. वाकडा ओठ, उघडा राहिलेला डोळा, जसं होतं तसं. गोविंदाचा पान लावायचा हात थांबला.

"या बाई, या!" विश्वनाथ ओरडला. शब्द फाटके, अर्धे ओठातून सांडणारे. "हात लावून पाहा! रंग गेला तर पैसे वापस!"

आणि काय सांगावं, चौक असा हसला की समोरून येणारा ढोलवाला ठेका चुकला. बायका हसल्या, हमाल हसले. गोविंदा तर ठेल्यावरून उतरून नाचायलाच लागला. लहानू तेवढा रडत होता, अगदी उघड, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत. त्याच्याकडे पाहून विश्वनाथचा उजवा गाल हसला. डावा हलला नाही.

मारबत पुढे गेली, गर्दी तिच्यामागे गेली. विश्वनाथ तसाच भोकात.

"ये ना गा बाहेर," लहानू म्हणाला. "च्या घेऊ."

"कसा येऊ बे?" विश्वनाथ म्हणाला. "कान अडकला. पुढल्या वर्षी भोक मोठं ठेवजो."