पडद्यावरची मोठी अक्षरं

मी चौथी शिकलेली. नवरा पनवेलच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याच्या शेजारी बसून प्रुफं वाचायला शिकले आणि तो गेल्यावरही तिथेच वाचत राहिले. पुढे साखरेने डोळे खराब केले. चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कागदावरची टिंबं, मात्रा दिसेनाशी झाली. मालकांनी स्पष्ट सांगितलं, महिला मंडळाचं पाककृतींचं पुस्तक नीट छापून गेलं तरच पुढची प्रुफं तुम्हाला.

संगणकावर बसणारी मुलगी उरणकडची. तिने मला पडद्यावर वाचायला बसवलं. खिडकी पाठीशी, त्यामुळे अक्षरांआधी माझंच तोंड दिसायचं. टेबल आडवं करून घेतलं. पांढरा पडदा डोळ्यांत टोचायचा, तो तिने फिकट पिवळा केला, उजेडही कमी केला. मग पान दुप्पट मोठं केलं. अक्षर छान दिसलं, पण ओळीचा शेवट पडद्याबाहेर. उजवीकडे सरकवून परत यावं तर कुठली ओळ वाचत होते तेच कळेना. दिवसभर तेच. डोकं फिरलं.

माझी चिडचिड बघून तिने फाईलमधलं अक्षरच मोठं केलं, ओळी आखूड केल्या. मी चुका सांगत गेले, ती दुरुस्त करत गेली. सकाळी मालकांनी पानं काढली, तर सोलकढीचं नाव एका पानाच्या तळाशी आणि कृती पुढच्या पानावर. सगळी मांडणी विस्कटलेली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काकू, आता घरी आराम करा."

"मी फाईलला हातही लावलेला नाही," मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, "त्यांचं काय नाय चुकलं. मी मूळ फाईलीतच मोठं केलं. वाचायला येगली प्रत करायला पायजे होती."

मूळची जुनी प्रत होती म्हणून वाचलो, पण दुरुस्त्या पुन्हा पहिल्यापासून. यावेळी माझ्यासाठी वेगळी प्रत केली. तिने त्यात सुबक दिसणारा दुसरा फॉन्ट लावून पाहिला, तर सगळ्या अक्षरांची भुतं झाली, एक शब्द वाचता येईना. मूळचाच ठेवला. अक्षर मोठं, ओळी आखूड आणि सुट्या. मी चूक सांगायची, तिने मूळ फाईलमध्ये दुरुस्त करायची. मापं ती मोठ्याने वाचायची, मी पडद्यावर ताडून बघायची. शेवटी कागदावर भिंग धरून फक्त नावं, पानांचे आकडे आणि क्रम. संध्याकाळी दुसरा ऑपरेटर पडदा पुन्हा पांढरा करून जायचा. रोज सकाळी त्याचा उद्धार करूनच मी कामाला लागायची.

पुस्तक नीट छापून गेलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी माझ्या टेबलावर दिनदर्शिकेचं प्रूफ आणून टाकलं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. मी मुलीला म्हटलं, आधी वेगळी प्रत कर, चहा नंतर.