बाजारापेक्षा चढा भाव

ठाकुर्लीच्या गुणाजी राणेंचा एकच शौक होता, आणि तोही फुकटचा. शारजात एसी दुरुस्तीच्या कंपनीत असलेला त्यांचा मुलगा सुदेश पगार झाला की पैसे पाठवायच्या आधी दोन-तीन ॲपचे स्क्रीनशॉट धाडायचा. गुणाजी चष्मा पुसून, मोबाइल टेबलावर आडवा ठेवून कुणाचा भाव चांगला ते तपासायचे. डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात उभा जन्म स्टोअर सांभाळलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर हिशेब करायला काहीतरी हवंच होतं.

त्यात ते तयार झाले होते, हे मात्र कबूल करायला हवं. खालच्या मजल्यावरच्या शिवरामचा मुलगा कुवेतला होता. शिवराम एकदा म्हणाला, "आमचं ॲप बरं, फी झिरो." गुणाजींनी त्याला तिथेच बसवलं.

"झिरो म्हणजे फुकट नाही रे बाबा. हे बघ, माझ्या सुदेशचंच बघ. दोन हजार दिरहम. हा पंधरा दिरहम फी घेतो आणि उरलेल्यावर तेवीस एक्केचाळीसचा भाव देतो. हातात पडले शेहेचाळीस हजार चारशे अडुसष्ट. हा दुसरा फी घेत नाही, पण भाव तेवीस बावीस. म्हणजे शेहेचाळीस हजार चारशे चाळीस. फी त्याने भावात लपवली. आपण फक्त शेवटची ओळ बघायची, घरी किती रुपये येतात ती."

"आणि बाजारात खरा भाव काय?"

"आज साडेतेवीस. त्याच्याखालीच सगळे देणार. बाजारापेक्षा जास्त कोण देईल, त्यालाही पोट आहेच की."

शिवरामने मान डोलावली. त्या दिवशी गुणाजींना दुपारची झोप फार छान लागली.

पैसे वाचवण्याला कारणही तसंच होतं. त्यांच्या बायकोच्या, विमलाबाईंच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. दोन जिने चढल्या की त्या कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि कोणी बघितलं तर पदर नीट करत असल्याचं दाखवायच्या. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवाळीपलीकडे ढकलू नका. फंडातले उरलेले आणि सुदेशने पाठवलेले, असे सगळे पैसे गुणाजींच्या एकाच खात्यात साठत होते. त्या खात्यावरच बाईंचा जीव अवलंबून होता.

मग एका महिन्यात सुदेशने तीनऐवजी चार स्क्रीनशॉट पाठवले. चौथं ॲप नवीन होतं. फी नाही आणि भाव तेवीस पंच्याण्णव. घरी येणार सत्तेचाळीस हजार नऊशे.

गुणाजींनी बाजारभाव पाहिला. तो अजून साडेतेवीसच होता.

"बाबा, खोलीतल्या एकाने सांगितलं," सुदेश फोनवर म्हणाला. "तो तीन महिने पाठवतोय. मला जरा जास्त वाटतंय. पाठवू का?"

"पहिल्या वेळेला गिऱ्हाईक ओढायला देतात असा भाव," गुणाजी म्हणाले. "मोठी ॲपंही देतात. पुढच्या महिन्यात उतरेल. पाठव तू."

त्यात खोटं काही नव्हतं. पहिल्या व्यवहाराला असा भाव खरोखरच मिळतो. पैसे तासाभरात आले. फक्त दर वेळेस एकरकमी यायचे आणि पाठवणाऱ्या कंपनीचं नाव असायचं. या वेळी तीन तुकड्यांत आले, तीन वेगवेगळ्या नावांनी. एक कुठलंसं मोबाइलचं दुकान, एक काळुराम नावाचा माणूस आणि एक सगुणा नावाची बाई. गुणाजींनी बेरीज केली. ती बरोबर आली, तसे ते उठले आणि चहा टाकायला सांगितला.

दुसऱ्या महिन्यात भाव उतरला नाही. तो वर गेला होता.

गुणाजी बराच वेळ त्या स्क्रीनशॉटकडे बघत बसले. शिवरामला दिलेलं व्याख्यान त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. स्वयंपाकघरात विमलाबाई भांडी लावता लावता थांबल्या होत्या; त्या श्वास घेतायत हे भिंतीपलीकडून कळत होतं. ऑपरेशनला अजून थोडेच कमी पडत होते. त्यांनी सुदेशला उत्तर लिहिलं: चौथंच. आणि या महिन्यात जमेल तेवढे जास्त पाठव. पैसे पुन्हा अनोळखी नावांनीच आले, पण त्यांनी नावं वाचलीच नाहीत. शेवटची ओळ तेवढी बघितली.

ऑपरेशनची तारीख ठरली. विमलाबाईंनी पिशवी भरली. दोन गाऊन, पंचा, जपमाळ, आणि खिडकीतल्या तुळशीला पाणी कोण घालणार याची शिवरामच्या बायकोला सूचना. गुणाजी इस्पितळात आगाऊ रक्कम भरायला गेले. काउंटरवरच्या मुलीने कार्ड दोनदा फिरवलं. नाही झालं. मोबाइलवरून केलं, तेही नाही.

"काका, बँकेत विचारून या," ती म्हणाली. तिने पावतीपुस्तक मिटलं.

बँकेतली अधिकारी अंतरा नावाची तरुण मुलगी होती. तिने खातं उघडलं आणि तिचा आवाज बदलला.

"काका, खातं गोठवलंय. परराज्यातल्या सायबर पोलिसांकडून आदेश आलाय. फसवणुकीचे पैसे तुमच्याकडे आलेत."

"माझ्या मुलाने पाठवलेत. हे बघा स्क्रीनशॉट."

तिने मोबाइल हातात घेतला. मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"यात तुमचं नाव आहे, रक्कम आहे. पण खात्यात मुलाचं नाव कुठेच नाही. मुलाचे दिरहम तिकडे कोणीतरी ठेवून घेतले. इकडे कोणा फसलेल्या माणसाचे पैसे तुमच्या खात्यात वळवले. म्हणून तो भाव परवडतो त्यांना. चोरीचे पैसे स्वस्तातच जातात."

गुणाजींनी पासबुक पुढे सरकवलं. "पण बाकीचे तर माझे आहेत. फंडाचे आहेत. बायकोचं ऑपरेशन आहे."

"मला दिसतंय काका. वादातली रक्कम सोडून बाकी मोकळे करा, असा अर्ज करता येईल. पण त्या पोलिसांनी कळवल्याशिवाय मी हात लावू शकत नाही. मुलाकडून त्या व्यवहाराचा पुरावा मागवा."

सुदेशला फोन लावला. ॲप उघडत नव्हतं, तो म्हणाला. खोलीतला तो माणूस कालपासून कामावर आला नव्हता. मग सुदेश हळूच म्हणाला, "बाबा, मी विचारलेलं तुम्हाला." गुणाजींनी फोन ठेवला. अर्ज कसा लिहायचा, किती दिवस लागतील, कोणाला फोन करायचा, हे सगळं त्यांनी अंतराला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. बँकेचा दरवाजा अर्धा लागेपर्यंत ते तिथेच होते.

घरी आले तेव्हा विमलाबाई पिशवीशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. गुणाजींनी काही लपवलं नाही. भाव उतरला नाही तेव्हाच मला कळलं होतं, हेही सांगितलं. आता आरडाओरडा होईल, रडारड होईल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

विमलाबाई खाली बघत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तक्रार कोणी केली?"

"सगुणा म्हणून कोणी बाई आहे, बँकेत कळलं. पहिल्या महिन्यात तिच्या नावाने आले होते."

"तिने ते पैसे कशासाठी ठेवलेले होते हो?"

सबंध दिवस बँकेत काढून ते गुणाजींच्या मनातही आलं नव्हतं.

"विचारलं नाहीत ना," विमलाबाई म्हणाल्या, आणि उठून पिशवीतले गाऊन एकेक करून परत कपाटात ठेवायला लागल्या.