मनस्वीच्या वाटचा उपास

रोह्याजवळच्या वरसे गावच्या मालूताईंची कंपनीतली शिफ्ट सुटली की पावलं घराकडे वळायचीच नाहीत, थेट रोह्याच्या मैदानाकडे, मुलींचा धावण्याचा सराव घ्यायला. तरुणपणी त्याही लांब पल्ल्याच्या धावपटू होत्या. पण पाळी आली की घरचे कोपऱ्यात बसवायचे, आणि कितीतरी शर्यती त्यांनी खिडकीतूनच पाहिल्या. म्हणून हल्ली मुलींना त्यांचा पहिला प्रश्न हाच, "पाळी कधी आली गो?" आधी मुली लाजून ओढणीत तोंड लपवायच्या. मग त्यांना कळलं, सराव त्यावरूनच ठरतो.

पेणजवळच्या खाडीकाठची मनस्वी त्यांची फार लाडकी. पाळी सरली की तिचे पाय हलके व्हायचे. वेगाच्या अवघड फेऱ्या ताई तेव्हा ठेवत. पाळीआधीच्या आठवड्यात मात्र तोच वेग तिला जड जायचा. एकदा तर ती मैदानावरच रडली, "मी संपले, ताई!"

"संपतेस कशाला? ह्या दिवसांत अंग जरा तापतं, दमट हवेत धाप लवकर लागते. तुझ्याबरोबर पळणाऱ्या सुरभीला त्याचं काय नाय, तुला आहे. वेग उतरव, पण जेवण उतरवू नको."

जिल्हा संघाची निवड चाचणी नेमकी त्याच दिवसांत आली. पाच हजार मीटर, पहिल्या तिघी संघात. आदल्या दिवशी दुपारी ताई पेणला गेल्या. मनस्वीची आई, पुतळी, मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवत होती. शेजारी बसलेल्या मनस्वीचे ओठ सुकलेले.

"जेवलीस?"

"संकष्टी हाय. निवडीसाठी नवस बोललेय. चंद्र उगवला की जेवीन."

"अगो, आज दिवसभर उपाशी, मग उद्या पळणार कशावर?"

"मोडला नि निवड नाय झाली, तर?"

देवाशी भांडण ताईंना जमत नसे.

पुतळीनं कुंचला खाली ठेवला. "पोरीच्या वाटचा उपास मी धरते. बाप्पाला आईचा चालतो."

"आई, तुला चक्कर आली तर?"

"मला काय पळायचंय? बसूनच डोळे काढायचेत!"

मनस्वी तिथंच पोटभर भात जेवली, रात्री पुन्हा जेवली. सकाळी केळं खाऊन मैदानावर आली. ताईंनी तिच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं.

"आज वेळ नाय बघायची, पुढच्या मुली बघ. सुरुवातीला राखून पळ."

ती मागेच राहिली. उकाड्यात पुढच्या एकेक ढिल्या पडू लागल्या, तशी ती सरकत तिसरी आली. वेळ ऐकून मात्र तिनं तोंड पाडलं.

"सरावात ह्याहून चांगली लागते, ताई!"

"तो आठवडा वेगळा, हा वेगळा. संघात आलीस ना?"

दुसऱ्या दिवशी फोन आला. "पाळी आली, ताई. पळू?"

"पोट काय म्हणतं?"

"दुखतंय."

"मग आज लोळ. उद्या बरं वाटलं तर सावकाश पळू. आणि आईला सांग, कोपऱ्यात बसवायचं नाय."

पलीकडून पुतळीचाच आवाज आला, "कोपरा हाय कुठं? घरात मूर्तीच मूर्ती भरल्यात!"