भाड्याची नोंद

धाड गावच्या बाजारातल्या टिनाच्या दुकानात दीपमाला ब्लाऊज शिवायची. दुकानाचे मालक पुंजाजीकाका दर महिन्याला येऊन रोख भाडं घेत, चहा पीत आणि "पोरी" म्हणत डोक्यावर हात ठेवत. पावती त्यांनी कधी दिली नाही.

त्यांचे गुडघे गेले, म्हणून तिनं चिठ्ठी लिहून पाठवली: "काका, यापुढं भाडं फोनवरून, तुमचा क्यूआर कोड स्कॅन करून देते. मी एकदाच पिन टाकीन, मग दर पाच तारखेला भाडं आपोआप तुमच्या खात्यात पडेल. सोबत 'दुकान भाडे, दीपमाला टेलर्स' अशी नोंद राहील. तुमची चक्कर वाचेल."

काका चिठ्ठी घेऊनच आले. चहा नको म्हणाले.

"कोडबिड ठीक हाय, पण भाडं काऊन लिहितं? पोरगा म्हणते, असा पुरावा झाला की भाडेकरू हलत नाही. दुसरी जागा पाह्य तू."

"काका, मी कुठं हक्क सांगितला? नोंद काढून टाकते ना."

"आता काय! तुह्या मनात आलंच ना ते."

मशीनवर अर्धी बाही तशीच लोंबत होती. तिनं गल्ल्यातून या महिन्याचे पैसे काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा पावती मागितली.

काका नेहमीसारखं हसले.

"आपल्यात कायची पावती, पोरी?"

इतकी वर्षं या 'पोरी' म्हणण्याला ती माया समजत आली होती.